"खोटं बोलता तुम्ही लोक": चिडलेल्या ग्राहकाला चॅटवर उत्तर कसं लिहायचं

मंगळवार, १७ तारीख, दुपारचे ४ वाजून ८ मिनिटं. रांगेतली पुढची चॅट माझ्या स्क्रीनवर उघडली आणि पहिला मेसेज हा होता:

"तिसऱ्यांदा तेच सांगतोय. वर्षाच्या प्लॅनचे पैसे दोनदा कापलेत. पहिला म्हणाला सात दिवसांत परत येतील. आज चौदावा दिवस. दुसऱ्याने सांगितलं बँकेला विचारा. बँक म्हणते आमच्याकडे काही आलेलंच नाही. खोटं बोलता तुम्ही लोक. आत्ताच्या आत्ता पैसे द्या नाहीतर सगळीकडे लिहीन!!!"

तेव्हा मी दिवसभर अशाच चॅटना उत्तरं द्यायचे. आता इतरांनी दिलेली उत्तरं वाचून तपासते. कुणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकून मी ही एकच चॅट सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडणार आहे. चिडलेल्या माणसाला लिहिताना जे जे अडतं, त्यातलं बहुतेक सगळं या चॅटमध्ये आलं होतं.

फोनवर तुमचा आवाज मदतीला येतो. सावकाश बोललं, मध्ये थांबलं, की समोरच्याला कळतं की हा माणूस ऐकतोय. चॅटमध्ये आवाज नसतो. तुम्ही लिहिलेलं वाक्य ग्राहक त्याच्या स्वतःच्या त्या क्षणाच्या सुरात वाचतो, आणि तो सूर चिडका असतो. शिवाय त्याच्याकडे मागचं सगळं लिखित असतं. १२ तारखेला कोण काय म्हणालं होतं ते तो वर सरकवून पाहू शकतो आणि तुमच्या आजच्या वाक्याशी ताडून बघू शकतो. म्हणून इथे राग उतरवायचं मुख्य काम नेमकी माहिती करते. सौम्य शब्द तिला वाट करून देतात. माहितीच नसेल तर तेच सौम्य शब्द टोचायला लागतात.

मेसेज दोनदा वाचायचा

पहिल्या वाचनात आपल्याला राग दिसतो: उद्गारचिन्हं, "खोटं बोलता", "सगळीकडे लिहीन". तिथेच हात कीबोर्डवर गेला तर उत्तर रागाला दिलं जातं आणि मग तुम्ही एकतर स्वतःचा बचाव करता किंवा नुसतं गोड बोलता. दुसऱ्यांदा वाचताना मी मनातल्या मनात त्या मेसेजचे तुकडे करायचे. यात घडलेल्या गोष्टी कोणत्या, आरोप कोणता, मागणी कोणती आणि धमकी कोणती?

घडलेल्या गोष्टी चार आहेत: दोनदा पैसे कापले, सात दिवस सांगितले, बँकेकडे पाठवलं, बँकेने नाही म्हटलं. आरोप एक: तुम्ही खोटं बोलता. मागणी एक: पैसे परत. धमकी एक: लिहीन. आणि या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न आहे, जो त्याने शब्दांत विचारलेलाच नाही: माझे पैसे या क्षणी आहेत कुठे?

त्या न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. घडलेल्या गोष्टी मान्य करायच्या, किंवा त्यात काही चुकीचं असेल तर ते दुरुस्त करायचं. आरोपाचं काय करायचं हे तपासानंतर ठरतं. "लिहीन" या वाक्याला मात्र काहीच उत्तर द्यायचं नाही. "कृपया असं करू नका" म्हटलं की त्याला कळतं, इथे दाबलं की हलतात, आणि पुढची सगळी चॅट त्याच मुद्द्यावर जाते. "तो तुमचा हक्क आहे" हे तर भांडणाचं आमंत्रणच आहे. कायदेशीर नोटिशीची भाषा असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असल्यासारखं काही असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्वतः न लिहिता लगेच टीम लीडला बोलवायचं.

साठवून ठेवलेलं उत्तर का भडकवतं

अशा वेळी आमच्याकडे एक मॅक्रो होतं, म्हणजे एका बटणावर पडणारं तयार उत्तर. ते साधारण असं होतं:

"नमस्कार सर! आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपली निराशा आम्ही समजू शकतो. आपली तक्रार लवकरात लवकर सोडवली जाईल. कृपया आपला ऑर्डर क्रमांक आणि अडचण थोडक्यात सांगाल का?"

यात एकही उद्धट शब्द नाही. तरी हे पाठवलं असतं तर पुढचा मेसेज आणखी मोठ्या आवाजात आला असता. जो माणूस "तिसऱ्यांदा तेच सांगतोय" या शब्दांनी सुरुवात करतो, त्याला आपण अडचण चौथ्यांदा सांगायला लावतोय. "गैरसोय" हा शब्द त्याच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीपेक्षा फार लहान आहे. पैसे गेलेत आणि दोन आठवडे झालेत. "लवकरात लवकर" म्हणजे कधी हे कुणालाच माहीत नाही. आणि "सोडवली जाईल" या वाक्यात सोडवणारा कुणीच नाही.

हे शेवटचं मराठीत फार होतं. "चूक झाली", "कळवण्यात येईल", "कार्यवाही सुरू आहे" या वाक्यांना कर्ताच नसतो. एरवी ते खपून जातं, पण चिडलेला माणूस नेमका कर्ताच शोधत असतो. त्याला माणूस हवा असतो. "मी पाहते", "आमच्या पेमेंट टीमने मंजुरी दिली नव्हती", "मी उद्या लिहीन" अशी कर्ता असलेली वाक्यं लिहिली की निम्मी कटकट तिथेच कमी होते. "काही चूक झाली असल्यास" यातलं "असल्यास" तर कायमचं काढून टाका. चूक झाली आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसेल तर आधी तपासा आणि मगच माफी मागा.

"आपण" हा शब्दही सांभाळून वापरावा लागतो. आदराचा "आपण" आणि तुम्ही-आम्ही मिळूनचा "आपण" लेखी सारखेच दिसतात. "आपण बँकेशी बोलू" हे वाचून ग्राहकाला कळत नाही की बँकेला फोन कोण करणार. मी सरळ "तुम्ही" वापरते आणि क्रियापद आदराचं ठेवते. तेवढ्याने मान राखला जातो आणि घोटाळा होत नाही. प्रत्येक वाक्यामागे "सर" लावण्याचीही गरज नाही. ते पाठ केल्यासारखं वाटतं.

स्वतःचं उत्तर तपासायची माझी एक कसोटी आहे. प्रत्येक वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाच्या चॅटमध्ये टाकून बघायचं. तिथेही ते जसंच्या तसं चालत असेल, तर ते या माणसासाठी लिहिलेलं नाही. अशी एखाद-दोन वाक्यं राहिली तर हरकत नाही, पण वरचं मॅक्रो या कसोटीवर सगळंच्या सगळं गळून पडतं.

पहिल्या दोन मिनिटांत

त्या दिवशी मी ४:०८ ला एवढंच लिहिलं: "वाचलं. तुमच्या मागच्या दोन्ही चॅट उघडते आहे, दोन मिनिटं द्या. तुम्हाला काहीही परत सांगावं लागणार नाही."

हे लहान असावं. समोरचा माणूस रिकाम्या पडद्याकडे बघत असतो, आणि त्याला लांबलचक उत्तर नको असतं. इथे कुणीतरी आहे एवढं कळलं तरी त्याला पुरतं. पण यात एक अट आहे. "दोन्ही चॅट वाचल्या" असं न वाचता लिहायचं नाही, कारण पुढच्याच वाक्यात ते उघडं पडतं. मी "उघडते आहे" लिहिलं, कारण तेव्हा तेच खरं होतं.

४:१० ला, चॅट वाचून झाल्यावर:

"३ तारखेच्या चॅटमध्ये तुम्हाला सात दिवस सांगितले होते, आणि १२ तारखेला बँकेकडे विचारायला सांगितलं होतं. दोन्ही माझ्यासमोर आहे. पैसे दोनदा कापले गेल्याचंही इथे दिसतंय. रिफंड नेमका कुठे आहे ते मी पेमेंटच्या नोंदीत पाहते. ४:२० पर्यंत इथेच सांगते, उत्तर पूर्ण मिळालं नसेल तरी."

यात माफी नाही, कारण कशाबद्दल माफी मागायची ते मला अजून माहीत नव्हतं. पण त्याच्या दोन तारखा आहेत, आणि त्या तारखा हाच मेसेज वाचल्याचा पुरावा आहे. "मी तुमचं म्हणणं समजू शकते" हे वाक्य जे सांगू पाहतं, ते "३ तारखेला" आणि "१२ तारखेला" हे दोन शब्द जास्त चांगलं सांगतात.

आणि घड्याळातली वेळ आहे. वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली एक लेख लिहिला होता. किती वेळ लागेल हे माहीत नसलेलं थांबणं, ठरावीक वेळेच्या थांबण्यापेक्षा लांब वाटतं, हा त्यातला एक मुद्दा. आणि कारण न सांगता थांबवलं तर ते आणखी लांब वाटतं, हा दुसरा. चॅटमध्ये हे रोज दिसतं. "थोडा वेळ द्या" म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला "आहात का?" येतं. "४:२० पर्यंत" म्हटलं की माणूस बहुतेक वेळा ४:२० पर्यंत थांबतो. मात्र ४:२० ला तुम्ही हजर असायलाच हवं. काहीच सापडलं नसलं तरी "अजून सापडलेलं नाही, पेमेंट टीमला विचारलंय, ४:३० ला परत सांगते" असं लिहायचं. वेळ देऊन गप्प बसणं हे वेळ न देण्यापेक्षा वाईट.

तपास, कारण त्याशिवाय लिहिण्यासारखं काही नसतं

दोनदा पैसे कापल्याच्या तक्रारीत आतल्या नोंदी साधारण चारपैकी एक गोष्ट सांगतात, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं असतं.

कधी दुसरी रक्कम खरं तर घेतलेलीच नसते. कार्डावर फक्त रक्कम राखून ठेवलेली असते. ती ग्राहकाच्या खात्यात "पेंडिंग" दिसते आणि काही दिवसांनी आपोआप सुटते. कधी रक्कम खरोखर घेतलेली असते आणि रिफंड निघालेला असतो, पण बँकेच्या खात्यात नोंद व्हायची असते. अशा वेळी कार्डाच्या रिफंडला २३ अंकी एआरएन नंबर मिळतो आणि तो घेऊन बँक त्या व्यवहाराचा माग काढू शकते. कधी रिफंड निघून परत येतो, उदाहरणार्थ ते खातंच बंद झालेलं असतं. आणि कधी रिफंड निघालेलाच नसतो.

या चॅटमध्ये चौथी गोष्ट होती. ३ तारखेला पहिल्या सहकाऱ्याने रिफंडची विनंती टाकली होती. ती मंजुरीसाठी पेमेंट टीमकडे गेली आणि तिथेच पडून राहिली. १२ तारखेला दुसऱ्या सहकाऱ्याने स्क्रीनवर "विनंती पाठवली" असं पाहिलं आणि त्याचा अर्थ "पैसे पाठवले" असा लावला. म्हणून त्याने बँकेकडे बोट दाखवलं. बँकेकडे अर्थातच काही आलेलं नव्हतं.

म्हणजे "खोटं बोलता तुम्ही लोक" या वाक्यात तथ्य होतं. कुणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं, पण ग्राहकाला जे सांगितलं गेलं ते खरं नव्हतं. हे कळल्यावर माझा स्वतःचा सूर आपोआप बदलला. मी तपासावर इतका भर देते त्याचं हेही एक कारण आहे. वस्तुस्थिती हातात आली की सौजन्य ओढूनताणून आणावं लागत नाही.

मी पेमेंट टीमकडून मंजुरी घेतली. ४:१७ ला रिफंड निघाला.

मुख्य उत्तर

४:१९ ला मी हे लिहिलं:

"बँकेने तुम्हाला सांगितलं ते बरोबर आहे. रिफंड आजपर्यंत आमच्याकडून निघालाच नव्हता. ३ तारखेला विनंती टाकली होती, पण तिला मंजुरी मिळाली नाही आणि ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. १२ तारखेला तुम्हाला बँकेकडे पाठवणं चुकीचं होतं. या दोन्ही गोष्टींबद्दल मी माफी मागते.

आज ४:१७ ला रिफंड निघाला आहे, दुसऱ्यांदा कापलेली पूर्ण रक्कम. त्याची पावती आत्ता तुमच्या ईमेलवर आली असेल. ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर ते परत येतील. उशिरात उशिरा गुरुवार, २६ तारखेपर्यंत.

बँकेला दाखवता येईल असा एक नंबर या रिफंडला मिळतो, पण तो लगेच तयार होत नाही. उद्या संध्याकाळी ५ वाजता मी तुम्हाला ईमेल करते, नंबर आला असला तरी आणि नसला तरी."

याचा क्रम मी विचार करून ठेवला होता. पहिलं वाक्य त्याच्या बाजूचं आहे: बँक बरोबर होती. गेले पाच दिवस हा माणूस दोन संस्थांमध्ये चेंडूसारखा फिरला होता, दोघीही दुसरीकडे बोट दाखवत होत्या, आणि आपण वेडे नाही हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते वाक्य माफीच्याही आधी आलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

माफी एकदाच आहे आणि कशाबद्दल ते तिच्याआधी सांगितलंय. चार वेळा "सॉरी" म्हटलं की चारही हलके होतात. ज्यांनी चूक केली त्या सहकाऱ्यांची नावं नाहीत, "आधीच्या एजंटने चूक केली" असंही नाही. ग्राहकासाठी तो, मी आणि पेमेंट टीम सगळे एकच. त्याच्यासमोर सहकाऱ्याला दोष दिला तर त्याला एवढंच दिसतं की इथे कुणीच काही अंगावर घेत नाही.

"सात कामाचे दिवस" ऐवजी "गुरुवार, २६ तारीख" लिहिलंय. ३ तारखेला जो गोंधळ झाला त्यात याचाही वाटा होता. "सात दिवस" कार्यालयाने शनिवार-रविवार वगळून मोजले, म्हणजे १२ तारीख. ग्राहकाने कॅलेंडरवर मोजले, म्हणजे १०. दोन दिवस तो आधीच फसवल्यासारखा वाट बघत बसला होता. मोजणी ग्राहकावर सोडायची नाही, तारीख आणि वार आपणच लिहायचा.

आणि वचन देताना माझ्या हातातलं काय आणि दुसऱ्याच्या हातातलं काय, हे मी वेगळं ठेवलं. नंबर उद्या येईलच असं मी म्हटलं नाही, कारण तो मी तयार करत नाही. मी उद्या ५ ला लिहीन असं म्हटलं, कारण ते पूर्णपणे माझ्या हातात आहे. रागावलेल्या माणसाला लवकरची तारीख देऊन मोकळं व्हायचा मोह फार होतो. त्या क्षणी ती गोड वाटते, आणि चौदाव्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी ती फेडावी लागते.

एक बारीक गोष्ट. हे उत्तर लिहीत असताना तो टाइप करतोय असं खाली दिसत होतं. मी थांबले, त्याचा मेसेज येऊ दिला ("४:२० होत आलेत"), आणि मग पाठवलं. दोघांचे मेसेज एकमेकांना ओलांडून गेले की ग्राहकाला वाटतं आपण बोललो त्याकडे दुर्लक्ष झालं. तसंच, एक उत्तर सात-आठ तुकड्यांत पाठवू नये. "बँक बरोबर आहे" आणि "रिफंड निघाला नव्हता" यांच्यामध्ये दहा सेकंदांची पोकळी राहिली, तर तेवढ्यात तो पेटून उठेल.

दुसरी लाट

उत्तर नीट दिलं की राग लगेच उतरेल अशी अपेक्षा नवीन माणसं करतात आणि मग खचतात. बहुतेक वेळा अजून एक मेसेज येतो, कधी पहिल्यापेक्षा कडू. इथे तो असा आला:

"परत नऊ दिवस?? हेच तर पहिल्यांदा सांगितलं होतंत. आता का विश्वास ठेवू?"

यावर आधीचंच पुन्हा समजावलं तर चॅट हातची जाते. प्रश्न रास्त आहे: पहिल्या वेळेपेक्षा आज वेगळं काय? तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

"फरक हा आहे: ३ तारखेला फक्त विनंती होती, आज पैसे प्रत्यक्ष निघालेत. तुमच्या ईमेलमधल्या पावतीवर आजची तारीख आणि ४:१७ ही वेळ आहे, ती ३ तारखेला आली नव्हती. पुढचे दिवस बँकेला नोंद करायला लागतात आणि ते मला कमी करता येत नाहीत. २६ ला पैसे आले नाहीत, तर याच चॅटवर लिहा. तुम्हाला परत सुरुवातीपासून सांगावं लागू नये म्हणून मी आत सगळं लिहून ठेवते आहे."

"विश्वास ठेवा" असं इथे कुठेच नाही. विश्वास मागण्याऐवजी त्याला स्वतः तपासता येईल अशी वस्तू दिली आहे: पावती. "मला कमी करता येत नाहीत" हा स्पष्ट नकारही त्यात आहे. नकार द्यायचाच असेल तर तो असा मधोमध, सरळ वाक्यात द्यावा. "प्रयत्न करून बघते" म्हणत पुढे ढकललेला नकार शेवटी दुप्पट महाग पडतो.

भरपाई म्हणून प्लॅनचा एखादा महिना वाढवून द्यायची मुभा मला होती. ती मी या टप्प्यापर्यंत वापरली नाही. मूळ प्रश्न सुटण्याआधी भेट पुढे केली तर ती तोंड बंद करण्यासाठी दिल्यासारखी दिसते. पावती मिळाल्याचं त्याने सांगितल्यावर मी ती दिली, कारणासह: "दोनदा तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं, म्हणून."

राग उतरतोय हे कशावरून ओळखायचं? शब्दांचा प्रकार बदलतो. उद्गारचिन्हं जातात. "तुम्ही लोक" चं "तुम्ही" होतं. मुख्य म्हणजे प्रश्न मागच्यावरून पुढच्यावर येतात: "असं का केलंत" वरून "पावती कुठल्या मेलवर येईल" वर. इथे ४:२६ ला "पावती आली. दुसऱ्या कार्डावर घेता येईल का?" असं आलं, तेव्हा मला कळलं की आता आम्ही एकाच बाजूला उभे आहोत. (येत नाही. रिफंड मूळ कार्डावरच जातो. तसं सांगितलं आणि त्याने ते मान्य केलं.) नुसत्या "ठीक आहे" ला मात्र फसू नये. प्रश्न नाही, तपशील नाही, नुसतंच "ठीक आहे" आलं, तर तो माणूस बहुधा थकलाय. मग आपणच विचारावं: "पावती दिसली का? ती दिसल्याशिवाय मी चॅट बंद करत नाही."

शिवी आली तर

या चॅटमध्ये आली नाही, पण येते. कंपनीवरचा राग आणि उत्तर देणाऱ्या माणसाला दिलेली शिवी यांत मी फरक करते. "भिकार सर्व्हिस आहे" हे गिळायचं, त्यात तक्रारच आहे. आई-बहिणीवर गेलं, तर एकदा, एकाच वाक्यात, स्वर न चढवता सीमा सांगायची आणि त्याच दमात काम पुढे न्यायचं: "रिफंडचं काम मी पूर्ण करणार आहे. पण अशा भाषेत मला चॅट सुरू ठेवता येणार नाही. पावती कुठल्या ईमेलवर पाठवू?" शेवटी प्रश्न ठेवल्यामुळे त्याला मान न तुकवता परतायची वाट मिळते. पुन्हा शिवी आली तर चॅट टीम लीडकडे द्यायची आणि तसं त्याला सांगायचं. "शांत व्हा" हे शब्द कुठल्याच परिस्थितीत लिहायचे नाहीत. ते वाचून शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चॅट संपल्यावरची नोंद

ही चॅट मुळात चिघळली ती उद्धट बोलण्याने नाही. ३ आणि १२ तारखेच्या दोन्ही चॅटची भाषा नम्र होती. ३ तारखेची आतली नोंद होती: "रिफंड केला." या दोन शब्दांवर विसंबून दुसऱ्याने बँकेकडे पाठवलं. म्हणून चॅट बंद करताना लिहायची नोंद हाही उत्तराचाच भाग आहे. ती पुढच्या सहकाऱ्यासाठी असते, पण तिचा फायदा ग्राहकाला होतो. त्या दिवशीची माझी नोंद:

"दोनदा शुल्क, ग्राहक बरोबर. ३ ता. ची विनंती मंजुरीत अडकली होती, पैसे निघाले नव्हते. १७ ता. ४:१७ ला निघाले, पावती ग्राहकाला मिळाली. त्याला दिलेली तारीख: गुरुवार २६. उद्या ५ ला ईमेल मी करणार. एआरएन अजून नाही. तोपर्यंत बँकेकडे पाठवू नका. पुन्हा आला तर काहीही विचारायच्या आधी हे वाचा."

बुधवारी ५ वाजता नंबर आलेला नव्हता. मी लिहिलं: "नंबर अजून आलेला नाही. शुक्रवारी दुपारी १२ ला परत पाहून लिहिते." शुक्रवारी तो आला, पाठवला.

सोमवारी २३ तारखेला त्याने पुन्हा चॅट उघडली तेव्हा मी सुट्टीवर होते. सहकाऱ्याने नोंद वाचून पहिलाच मेसेज पाठवला: "नमस्कार. १७ तारखेला निघालेल्या रिफंडबद्दल का? शुक्रवारी पाठवलेला नंबर मिळाला का?" उत्तर आलं: "हो मिळाला. पैसे आज सकाळी जमा झाले. तेच सांगायला आलो होतो."